रनर 200 की 350, आणि दोन्ही एकाच इंजिनात बसवावेत का?

प्रश्न: सर, आमची पुण्यातल्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट टीम आहे. इंजिन केटीएमचं 373 सीसी सिंगल सिलिंडर, नियमाप्रमाणे हवेची वाट आवळणारा 20 मिमीचा रिस्ट्रिक्टर. गेल्या वर्षी इनटेक रनर, म्हणजे इंजिनाच्या हेडकडे हवा नेणारी नळी, 200 मिमी होता, यंदा 350 केला. आता वळणातून बाहेर पडताना गाडी छान ओढते, पण 7000 च्या वर इंजिन दमल्यासारखं होतं. परत 200 वर जावं की व्हेरिएबल इनटेक बनवावा? नेटवर लांबीची तीन सूत्रं मिळाली, तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

उत्तर: सर्वात आधी 200 आणि 350 हे आकडे बाजूला ठेवा. तुम्ही रनर मोजलाय तो हेडच्या तोंडापासून. हवेच्या दाबाची लाट मात्र धावते ती व्हॉल्व्हच्या सीटपासून प्लेनममधल्या, म्हणजे रनरआधीच्या हवेच्या पेटीतल्या, उघड्या तोंडापर्यंत, म्हणजे हेडमधला पोर्टही त्या लांबीत धरायला हवा. एक सोल्डरची जाड तार घ्या, पोर्टमधून घालून व्हॉल्व्हला टेकवा, पोर्टच्या वळणाबरोबर मधोमध वाकू द्या, हेडच्या तोंडाशी खूण करा आणि बाहेर काढून सरळ करून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. इथे मी पोर्ट 90 मिमी धरतो, तुमची तार जे सांगेल ते तुम्ही धरा. म्हणजे गेल्या वर्षीची खरी लांबी 290 आणि यंदाची 440. तीन सूत्रांची तीन उत्तरं येण्याचं निम्मं कारण इथेच आहे: एक सूत्र पोर्ट धरतं, दुसरं धरत नाही. उरलेलं निम्मं कारण असं की प्रत्येक सूत्र लाटेची वेगवेगळी फेरी मोजतं. आपण पहिली फेरी धरू, कारण ताकद तिच्यातच सर्वात जास्त असते.

आता ती लाट म्हणजे काय ते नीट पाहू. पिस्टन खाली जायला लागतो, अर्ध्या वाटेच्या आसपास त्याचा वेग सर्वात जास्त असतो, आणि त्यानंतर थोड्याच अंशांनी सिलिंडरमधला दाब सर्वात खाली गेलेला असतो. ही कमी दाबाची लाट व्हॉल्व्हपाशी जन्मते आणि रनरमधून प्लेनमकडे ध्वनीच्या वेगाने निघते. हवा आत येत असते आणि लाट तिच्या उलट दिशेने जात असते. प्लेनमच्या उघड्या तोंडाशी पोचली की ती परत फिरते, पण फिरताना उलटते. कमी दाबाची गेलेली लाट जास्त दाबाची होऊन परत येते. बंद टोकाशी असं होत नाही, तिथे लाट जशी आली तशीच परतते. उघड्या तोंडाचा हा गुण नसता तर रनरची लांबी बदलून काहीच साधलं नसतं.

परत आलेली ही जास्त दाबाची लाट व्हॉल्व्हपाशी कधी पोचते यावर सगळा खेळ आहे. आपल्याला ती हवी असते पिस्टन तळाशी पोचून वर वळत असताना. इनटेक व्हॉल्व्ह तळबिंदूनंतरही पुष्कळ अंश उघडाच असतो. पिस्टन वर येऊ लागलेला, सिलिंडरमधली हवा परत रनरमध्ये ढकलली जाण्याच्या बेतात, आणि त्याच वेळी बाहेरून दाबाचा रेटा आला तर ती हवा आतच राहते, वर आणखी थोडी घुसते. मग व्हॉल्व्ह बंद होतो आणि भरलेला माल आत कोंडला जातो. टर्बो नसताना भरण शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकतं ते याच रेट्यामुळे.

तुमच्या 290 मिमीवर हिशेब करून पाहू. लाटेला जायचं आणि यायचं, म्हणजे 580 मिमी. तीस अंश तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर, म्हणजे ही फेरी 1.66 मिलिसेकंदांची. लाटेला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही, तिला दर वेळी तेवढाच वेळ लागतो. क्रँक मात्र तेवढ्या वेळात 5000 आरपीएमला 50 अंश फिरतो, 7500 ला 75 अंश आणि 10,000 ला 100 अंश. सर्वात खालचा दाब ते तळबिंदू यांच्यात साधारण 75 अंशांचं अंतर धरलं, तर 7500 ला लाट वेळेवर येते. 5000 ला ती फार लवकर येते: पिस्टन अजून खालीच चाललेला असतो, रेटा वापरला जातो, आणि व्हॉल्व्ह बंद होताना तिथे मदतीला कोणी उरत नाही. 10,000 ला ती उशिरा येते आणि तोवर बरीचशी हवा मागे गेलेली असते.

यावरून एक ढोबळ नियम निघतो, मी तो कागदावर असाच लिहितो:

```
N × L ≈ 22,00,000
```

N म्हणजे टॉर्कच्या शिखराचा आरपीएम, L म्हणजे व्हॉल्व्हपासून उघड्या तोंडापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये. 290 ला शिखर येतं 7600 च्या आसपास, 440 ला बरोबर 5000. म्हणजे तुमचं इंजिन तुम्हाला जे सांगतंय ते अगदी खरं आहे. तुम्ही टॉर्कचं शिखर 2600 आरपीएमने खाली ओढलंत, आणि वर पोचेपर्यंत लाटेची वेळ साफ चुकलेली असते.

हा नियम मी माझ्या मनाने बनवलेला नाही. अमेरिकेत क्रायस्लरने 1960 च्या 300F गाडीत 413 घनइंचाच्या व्ही8 वर सुमारे 30 इंच लांब रनर लावले होते. 30 इंच म्हणजे 762 मिमी. भागाकार केला की येतात 2890 आरपीएम, आणि त्या इंजिनाचा जाहीर टॉर्क शिखराला होता 2800 आरपीएमवर. कॅमचं टायमिंग वेगळं असेल तर 22 लाखांच्या जागी कधी 20, कधी 24 निघतात. व्हॉल्व्ह उशिरा बंद होणारा कॅम असेल तर लाटेला जास्त अंश मिळतात आणि आकडा वर सरकतो. म्हणून पहिली लांबी या नियमाने काढायची आणि खरी लांबी डायनोवर, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, ठरवायची.

तापमानाचंही बघा. पावसाळी सकाळी प्लेनममध्ये 30 अंश असतील आणि कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या प्लेनममध्ये 60 झाले, तर ध्वनीचा वेग जवळजवळ 5 टक्क्यांनी वाढतो. 7500 चं शिखर तेवढ्यानेच साडेतीनशे आरपीएम वर सरकतं. त्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे हवेची घनता 9 टक्क्यांनी उतरते. रेडिएटरची गरम हवा प्लेनमवर येत असेल तर लांबीचा काथ्याकूट करण्याआधी तिथे आडोसा करा.

आता एक गोष्ट जी सिंगल सिलिंडरच्या टीमा हमखास चुकवतात: उघडं तोंड खरोखर उघडं आहे का? तुमचं इंजिन 9000 ला पूर्ण भरत असेल तर सरासरी हवा लागते सेकंदाला सुमारे 33 ग्रॅम. 20 मिमीचा रिस्ट्रिक्टर ध्वनीवेगाला गुदमरतो तो आदर्श हिशेबाने 74 ग्रॅमच्या आसपास. कागदावर निम्म्याहून जास्त जागा शिल्लक दिसते आणि मुलं निर्धास्त होतात. पण सिंगल सिलिंडर सतत हवा घेत नाही. पूर्ण सायकलच्या जेमतेम तिसऱ्या भागात तो सगळी हवा ओढतो, म्हणजे त्या क्षणी मागणी असते तिप्पट, शंभर ग्रॅमच्या घरात. ती मागणी प्लेनमने साठ्यातून भागवायची असते. प्लेनम लहान असेल तर त्यातला दाब दर घोटाला खाली कोसळतो, आणि ज्या तोंडाला आपण उघडं समजतो ते लाटेच्या दृष्टीने अर्धं बंद होतं. परतणारी लाट मरतुकडी येते. मग तुम्ही रनर कितीही कापा किंवा जोडा, आलेखावर फारसं काही हलत नाही. या इंजिनासाठी मी 3 लिटरच्या खाली प्लेनम ठेवत नाही, पेडलच्या प्रतिसादात थोडी ढिलाई आली तरी चालते. रनरच्या तोंडासमोर भिंत असेल तर तिच्यापासून किमान रनरच्या व्यासाइतकी जागा मोकळी सोडा, आणि तोंडाला कर्ण्यासारखा गोल ओठ द्या.

हे तपासायचं कसं? 40 मिमीचे दोन स्पेसर बनवा आणि डायनोवर एकाच दिवशी तीन रन घ्या, तेलाचं आणि हवेचं तापमान जुळवून. नियमाप्रमाणे 290 चा 330 केला की उंचवटा 7600 वरून 6700 कडे यायला हवा, 370 केला की 5900 कडे. उंचवटा असा चालत खाली आला तर तो रनरचा. जागचा हलला नाही तर तो बहुतेक एक्झॉस्टच्या लांबीचा आहे, किंवा प्लेनम आड येतोय. प्रत्येक रनमध्ये लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण, बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. लांबी बदलली की नव्या आरपीएमला हवा वाढते, पण ईसीयूच्या टेबलात पेट्रोल जुनंच असतं. मिश्रण तिथे पातळ होतं, वाढलेली हवा टॉर्कमध्ये दिसत नाही, आणि टीम म्हणते लांबीने काही फरक पडत नाही. पेट्रोल जुळवून तोच रन पुन्हा घेतला की उंचवटा उभा राहतो. जिथे भरण वाढलं तिथे इग्निशन एखाद-दोन अंश मागे घ्यावं लागू शकतं, नॉकचा आवाज ऐकत राहा.

आता व्हेरिएबलबद्दल. मोटारींत हे पुष्कळ झालंय. बहुतेकांमध्ये दोनच लांब्या असतात: मॅनिफोल्डच्या आत रनर गोगलगाईसारखा वळवलेला, मध्ये एक फ्लॅप. फ्लॅप बंद असला की हवा लांबच्या वाटेने फिरून येते, उघडला की आखूड वाटेने थेट. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये एन62 व्ही8 मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. मॅनिफोल्डच्या आत रोटर बसवून तो विजेच्या मोटरने फिरवायचा, आणि रनरची लांबी 673 मिमीपासून 231 मिमीपर्यंत सलग बदलायची. 3500 आरपीएमपर्यंत पूर्ण लांब, तिथून आखूड होत जाऊन 6200 ला पूर्ण आखूड. आपल्या नियमाने 673 ला 3270 येतात, म्हणजे लांब रनरचं शिखर ओलांडल्या ओलांडल्या त्यांनी आखूड करायला सुरुवात केली. कुठलाही इंजिनवाला तेच करेल.

(डिझेल गाड्यांच्या मॅनिफोल्डमध्ये जे फ्लॅप असतात त्यांना गॅरेजमध्ये सर्रास व्हेरिएबल इनटेक म्हणतात. ते स्वर्ल फ्लॅप. ते दोनांपैकी एक पोर्ट झाकून हवेला भोवरा देतात, लांबी बदलत नाहीत. टॉर्क ट्यून करण्याशी त्यांची गल्लत करू नका.)

तुमच्या उपयोगाचं उदाहरण मात्र मोटरसायकलमधलं आहे. यामाहाने 2007 च्या आर1 मध्ये रनरचं वरचं फनेल वेगळं केलं आणि ते एअरबॉक्सच्या आतच एका मोटरने वर उचललं. खाली बसलेलं असताना दोन्ही तुकडे मिळून एक लांब रनर. उचललं की मध्ये फट पडते, लाटेला उघडं तोंड खालच्या तुकड्यापाशीच भेटतं, रनर आखूड. मला ही रचना फ्लॅपपेक्षा फार आवडते, आणि त्याला कारण आहे. फ्लॅपची सगळी अडचण गळतीची असते. बंद फ्लॅपच्या कडेने एक मिलिमीटरची फट राहिली तरी लाटेचा एक हिस्सा तिथूनच परत फिरतो, उरलेला लांबवर जाऊन येतो, आणि दोन कमजोर लाटा दोन वेळांना पोचतात. कागदावर लांब रनर आहे, टॉर्क मात्र कुठेच नाही. फनेल उचलण्यात सील लागतं ते फक्त एका गोल सांध्याला, आणि तिथे स्प्रिंगच्या दाबाने बसणारी सिलिकॉनची रिंग पुरते. शिवाय सगळं प्लेनमच्या आत असल्याने थोडी गळती झाली तरी ती फिल्टर आणि रिस्ट्रिक्टर ओलांडून आलेलीच हवा असते, नियमाचा भंग होत नाही.

पण बनवण्याआधी लॉगर उघडा. गेल्या स्पर्धेच्या एंड्युरन्सचा डेटा घ्या, थ्रॉटल 80 टक्क्यांच्या वर असतानाचेच क्षण निवडा आणि दर 500 आरपीएमच्या पट्टीत किती सेकंद गेले ते मोजा. अर्ध्या थ्रॉटलला रनरची लांबी बघण्यात अर्थ नाही, तिथे टॉर्क हवा असेल तर ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो. आता दोन्ही लांब्यांचे डायनोचे आलेख घ्या आणि प्रत्येक पट्टीतला टॉर्क त्या पट्टीतल्या सेकंदांनी गुणून बेरीज करा. तिसरी बेरीज करा दोन आलेखांतला वरचा वरचा टॉर्क घेऊन, हा तुमचा व्हेरिएबल. ही तिसरी बेरीज चांगल्या ठराविक लांबीपेक्षा 2 टक्क्यांनीच मोठी निघाली तर मी तुमच्या जागी असतो तर सर्वो, ब्रॅकेट, वायरिंग आणि त्यांचं वजन अंगावर घेतलं नसतं. 5-6 टक्के निघाली तर घेतलं असतं. माझा अंदाज सांगतो: सगळा वेळ 6000 ते 9000 मध्ये जात असेल तर 310 ते 330 मिमी खऱ्या लांबीचा एकच रनर तुमचं काम भागवेल, आणि गिअरिंग थोडं आखूड केलंत तर वळणातून निघतानाची उणीवही भरून निघेल. घट्ट वळणांमुळे इंजिन वारंवार 4500 पर्यंत उतरत असेल तरच दोन लांब्यांना काम आहे.

बनवायचं ठरलं तर खालचा स्थिर भाग गेल्या वर्षीचाच ठेवा, खरी लांबी 290, म्हणजे वरचं शिखर 7600 ला राहील. त्यावर बसणारं फनेल 110 मिमीचं करा, एकूण 400, खालचं शिखर 5500 ला. 440 ची गरज नाही, कारण दोन शिखरं जितकी दूर तितका मधला खड्डा खोल. फनेल उचलल्यावर फट निदान रनरच्या व्यासाच्या अर्ध्याइतकी पडू द्या, नाहीतर लाटेला ती फट दिसणारच नाही. बदलाचा आरपीएम आधी ठरवू नका. दोन्ही आलेख एकमेकांना जिथे छेदतात तिथेच तो असतो, तुमच्या बाबतीत 6500 च्या जवळपास यावा. वर जाताना 6500 ला उचलायचं आणि खाली येताना 6200 ला बसवायचं, असं अंतर ठेवा, नाहीतर इंजिन नेमकं त्या आरपीएमला रेंगाळलं की फनेल वरखाली टकटकत राहील. छेदबिंदूला दोन्ही टॉर्क सारखे असल्याने ड्रायव्हरला बदल जाणवायला नको. झटका जाणवला तर बहुतेक वेळा बदलाची जागा चुकलेली असते किंवा पेट्रोलचं टेबल. दोन स्थितींना दोन वेगळी टेबलं ठेवा, आणि टेबल सर्वोला हुकूम दिला तेव्हा नव्हे, तर फनेल खरोखर हललं तेव्हा बदला. त्यासाठी फनेलच्या दांड्यावर एक छोटा पोझिशन सेन्सर लागेल.

सर्वो बंद पडला तर स्प्रिंगने फनेल कुठे जावं तेही ठरवा. मी ते खाली, लांब स्थितीत बसवतो, कारण उचललेलं फनेल ढिलं असताना हादऱ्याने तिरकं होऊन अडकतं आणि मग कुठलीच लांबी खरी राहत नाही.

आणि एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखालच्या एका टीमने असंच फनेल बनवलं होतं, क्लिपला एम3 चा स्क्रू आणि साधा नट. डायनोवर चौथ्या रनला आलेख मध्येच तुटला आणि टणटण आवाज आला. हेड उघडल्यावर नट पिस्टनच्या माथ्यात रुतलेला दिसला, इनटेक व्हॉल्व्हची कड वाकलेली, स्पार्क प्लगचं टोक चपटं. मंजुरी मीच दिली होती, त्यामुळे ते हेड बघताना मुलांकडे बघवत नव्हतं. रिस्ट्रिक्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जे काही सुटं आहे ते एक दिवस व्हॉल्व्हपाशी पोचणार असंच धरून चाला. प्लेनमच्या आत स्क्रू वापरायचाच असेल तर डोक्याला भोक पाडून लॉकवायर घाला, शक्य असेल तर स्क्रूच नको, रिव्हेट किंवा एकसंध छापलेला भाग. दर दोन सेशननंतर बोरोस्कोप प्लेनममध्ये घालून फनेलचा ओठ, सिलिकॉन रिंग आणि दांड्याची पिन बघा. रिंगवर पेट्रोलच्या वाफेने फुगवटा आला असेल तर ती लगेच बदला, फुगलेली रिंग आधी फनेल अडकवते आणि मग तुकड्यातुकड्याने सुटते.